वाफेच्या साध्या चक्राचं गणित: चार एन्थाल्पींपासून निव्वळ कार्य आणि कार्यक्षमतेपर्यंत

नाशिकरोडहून एकलहऱ्याच्या दिशेने निघालं की थर्मलच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. गोदावरीकाठच्या या केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. माझी भाची मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला वाफेचं चक्र शिकवलं होतं, सूत्रं पाठ होती, पण एका रविवारी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, उत्तर तर जुळतंय, पण बरोबर आहे की नाही ते कसं कळणार?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मी कारखान्याच्या वीजघरात बरीच वर्षं काढली. तिथे चुकलेलं उत्तर कोणी लाल शाईने खोडत नाही, ते तसंच पुढच्या अहवालात जातं. म्हणून इथे एकच उदाहरण घेतो, २५ मेगावॉटच्या छोट्या संचाचं, आणि ते पहिल्या गेजपासून शेवटच्या आकड्यापर्यंत नेतो. एकलहऱ्याचे संच या लेखातल्या चक्राहून गुंतागुंतीचे आहेत. तिथे टर्बाइनमधून अर्धवट प्रसरण झालेली वाफ पुन्हा बॉयलरमध्ये तापवतात, आणि फीड पाणी टर्बाइनमधून काढून घेतलेल्या वाफेने गरम करतात. पण ते समजायचं तर आधी हे साधं चक्र हातात बसलं पाहिजे.

## आधी चार जागा ठरवा

कागदावर चौकोन काढा आणि चार कोपऱ्यांना आकडे द्या. कंडेन्सरमधून बाहेर पडून पंपाकडे निघालेलं पाणी म्हणजे १. पंपातून बाहेर पडलेलं, बॉयलरच्या दाबाचं पाणी म्हणजे २. बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी वाफ म्हणजे ३. टर्बाइनमधून कंडेन्सरमध्ये उतरणारी वाफ म्हणजे ४. काही पुस्तकांत १ हा आकडा टर्बाइनच्या तोंडाशी देतात. त्यात चूक काही नाही, पण एका वहीत एकच पद्धत ठेवा. दोन पुस्तकांची सूत्रं एकत्र झाली की वजाबाकी उलटी होते.

h म्हणजे त्या त्या जागेची एन्थाल्पी. चार यंत्रांचं काम चार वजाबाक्यांत मावतं:

```
wT   = h3 - h4     (turbine)
wP   = h2 - h1     (pump)
qin  = h3 - h2     (boiler)
qout = h4 - h1     (condenser)
wnet = wT - wP
eta  = wnet / qin
```

नुसत्या एन्थाल्पीच्या फरकाने काम कसं भागतं? यंत्रातून वाफ सतत वाहत असते. आत शिरताना आणि बाहेर पडताना तिला ढकलण्यासाठी लागणारी ऊर्जा एन्थाल्पीत आधीच धरलेली असते. राहिला वेग आणि उंची. वाफ थांबलेल्या अवस्थेतून सेकंदाला १०० मीटर वेगाने धावू लागली, तरी दर किलोमागे फक्त ५ किलोज्यूलचा फरक पडतो. आपले आकडे हजारांत आहेत, म्हणून वेग सोडून देतो. यापुढे एन्थाल्पीचा आकडा आला की एकक किलोज्यूल प्रति किलो असं समजा.

## गेजवरचा आकडा थेट वापरायचा नाही

गणिताच्या पुस्तकात "कंडेन्सरचा दाब १० किलोपास्कल" असं आयतं दिलेलं असतं. वीजघरात कंडेन्सरजवळ व्हॅक्यूम गेज असतो, आणि तो आपल्याला मिलिमीटर पाऱ्यात निर्वात सांगतो. आपल्या संचावर तो ६३५ दाखवतोय असं धरू. म्हणजे कंडेन्सरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ६३५ मिलिमीटरने कमी आहे. मग बाहेरच्या हवेचा दाब किती?

इथे पुस्तकाच्या सवयीने ७६० लिहिला की गडबड होते. ७६० हा समुद्रसपाटीचा आकडा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंचीवर आहे, आणि इथला हवेचा दाब ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून कंडेन्सरमधला खरा दाब ७१० वजा ६३५, म्हणजे ७५ मिलिमीटर. किलोपास्कलमध्ये तो बरोबर १० होतो. ७६० धरला असता तर उत्तर १२५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १६.७ किलोपास्कल आलं असतं. तेवढ्या एका चुकीने आपल्या चक्राची कार्यक्षमता कागदावर सव्वा टक्क्याने खाली गेली असती, आणि कंडेन्सरच्या नळ्या साफ करणाऱ्या माणसांना विनाकारण बोलणी बसली असती.

हे मी पाहिलेलं आहे. एका ठिकाणी कित्येक महिने अहवालात ७६० धरून दाब काढला जात होता आणि कंडेन्सर खराब आहे असं सगळे मानून चालले होते. उलगडा झाला तो साध्या थर्मामीटरने. वाफ ज्या दाबाला द्रव होते, त्या दाबाचं तापमान ठरलेलं असतं. १० किलोपास्कलला ते ४५.८ अंश असतं आणि १६.७ किलोपास्कलला सुमारे ५६ अंश. टर्बाइनच्या एक्झॉस्टवरचं तापमान ४६ दाखवत होतं. तापमापकाला शहराची उंची माहीत असावी लागत नाही, म्हणून दाब आणि तापमान असे दोन्ही आकडे नेहमी शेजारी लिहा आणि एकमेकांशी ताडून पाहा.

बॉयलरच्या बाजूलाही गेज हवेपेक्षा किती जास्त तेवढंच सांगतो. गेज ५९ बार दाखवत असेल तर त्यात नाशिकच्या हवेचा ०.९५ बार मिळवून सुमारे ६० बार, म्हणजे ६००० किलोपास्कल. वरच्या दाबाला ही मिळवणी क्षुल्लक असते. खालच्या दाबाला तिच्यावरच सगळं अवलंबून असतं.

आपलं उदाहरण आता पक्कं झालं. टर्बाइनच्या तोंडाशी ६० बार आणि ५०० अंश, कंडेन्सरमध्ये १० किलोपास्कल.

## पाणी आणि पंप

कंडेन्सरच्या तळाशी, हॉटवेलमध्ये साचलेलं पाणी १० किलोपास्कलचं संपृक्त पाणी आहे असं धरतो. स्टीम टेबलच्या त्या ओळीतून तीन आकडे घ्या: एन्थाल्पी १९१.८, एन्ट्रॉपी ०.६४९२ आणि एका किलोची जागा ०.००१०१ घनमीटर, म्हणजे जेमतेम एक लिटर.

पंपासाठी टेबल उघडू नका. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून आकारमान गुणिले दाबातला फरक एवढं पुरतं:

```
wP = v1 * (p2 - p1)
   = 0.00101 * (6000 - 10)
   = 6.05 kJ/kg
h2 = 191.8 + 6.05 = 197.9
```

दाब किलोपास्कलमध्येच घाला. बारमध्ये घातला तर ०.०६ येईल, शंभर पटींनी कमी. मी एक खूणगाठ बांधून ठेवली आहे: दर १० बारला साधारण १ किलोज्यूल. ६० बारचा पंप म्हणजे सहाच्या आसपास. उत्तर ०.०६ किंवा ६०० आलं की एककात घोळ आहे.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. "२ ला पाणी ६० बारचं आहे" म्हणून पुष्कळ जण टेबलातल्या ६० बारच्या ओळीतून संपृक्त पाण्याची एन्थाल्पी उचलतात, १२१३.८. पण ती २७५ अंशांच्या उकळत्या पाण्याची आहे. आपलं पाणी पंपातून बाहेर पडतं तेव्हाही ४६ अंशांचंच असतं. दाब चढला म्हणून ते गरम झालेलं नाही, ते काम बॉयलरचं आहे.

भाचीला इथे अडखळायला झालं. "साठ बार चढवायला फक्त सहा, आणि टर्बाइनमधून मात्र हजारावर मिळतात?" मी तिला सांगितलं की सूत्रात दाबाच्या शेजारी आकारमान बसलं आहे, ते बघ. एक किलो पाणी एका लिटरच्या बाटलीत मावतं. तेच एक किलो टर्बाइनमधून कंडेन्सरमध्ये उतरतं तेव्हा सुमारे १३ घनमीटर जागा घेतं, एका छोट्या खोलीएवढी. दाबाचा फरक दोन्हीकडे तोच, पण पंप बाटलीवर काम करतो आणि टर्बाइन खोलीएवढं फुगणाऱ्या वाफेकडून काम करून घेतं. वाफेच्या चक्रात वाफ पाणी होईपर्यंत थंड करून मगच दाबायची, यामागे हेच कारण आहे. वाफ वाफच ठेवून दाबायची म्हटलं तर टर्बाइनने कमावलेलं बरंचसं तिथेच खर्ची पडेल.

## टर्बाइनमध्ये शिरताना

३ साठी सुपरहीटेड वाफेच्या टेबलात ६० बारच्या भागात ५०० अंशांची ओळ पाहा. एन्थाल्पी ३४२३.१ आणि एन्ट्रॉपी ६.८८२६.

तापमान मधलंच असेल, समजा ४८५, तर ४५० आणि ५०० या दोन ओळींमधून प्रमाणाने काढा. ४५० ला ३३०२.९ आहे. पन्नास अंशांत १२०.२ वाढ होते, म्हणजे अंशाला २.४. पस्तीस अंशांचे ८४.१ मिळवले की ३३८७.०. एन्ट्रॉपीही याच पद्धतीने काढायची. ती पुढच्याच पायरीला लागते.

## टर्बाइनमधून बाहेर पडताना

४ ला दाब माहीत आहे, पण तापमानाचा उपयोग नाही. वाफ आणि पाण्याचे थेंब एकत्र असले की १० किलोपास्कलला तापमान ४५.८ च राहतं, मग त्यात वाफ किती आणि पाणी किती हे तापमान सांगू शकत नाही. म्हणून एन्ट्रॉपीचा आधार घ्यायचा. आदर्श टर्बाइनमध्ये ती बदलत नाही, म्हणजे ४ ला ती ६.८८२६ च आहे. १० किलोपास्कलला पाण्याची एन्ट्रॉपी, sf, ०.६४९२ आणि संपूर्ण वाफ होईपर्यंत वाढणारी, sfg, ७.४९९६. एन्थाल्पीचे तसेच दोन आकडे म्हणजे hf १९१.८ आणि hfg २३९२.१. वाफेचा हिस्सा, म्हणजे ड्रायनेस फ्रॅक्शन, असा निघतो:

```
x4 = (6.8826 - 0.6492) / 7.4996 = 0.8312
h4 = hf + x4 * hfg
   = 191.8 + 0.8312 * 2392.1
   = 2180.0
```

आधी वाफ कोरडी आहे की ओली ते पाहायला विसरू नका. १० किलोपास्कलला कोरड्या संपृक्त वाफेची एन्ट्रॉपी ८.१४८८ आहे. आपली ६.८८ त्याहून कमी, म्हणून वाफ ओली आणि हे सूत्र लागू. x एकाहून मोठा आला तर वाफ अजून सुपरहीटेड आहे आणि एन्थाल्पी दुसऱ्या टेबलातून घ्यावी लागेल.

आता वजाबाक्या:

```
wT   = 3423.1 - 2180.0 = 1243.1
wnet = 1243.1 - 6.05   = 1237.0
qin  = 3423.1 - 197.9  = 3225.2
qout = 2180.0 - 191.8  = 1988.2
eta  = 1237.0 / 3225.2 = 0.3835
```

आदर्श कार्यक्षमता ३८.४ टक्के.

## "उत्तर जुळतंय" म्हणजे नेमकं काय

सगळीकडे शिकवली जाणारी तपासणी अशी: बॉयलरने दिलेल्या उष्णतेतून कंडेन्सरने नेलेली वजा करा, निव्वळ कार्य आलं पाहिजे. ३२२५.२ वजा १९८८.२ म्हणजे १२३७.०. जुळलं.

भाचीच्या वहीतही जुळलं होतं, आणि तरी उत्तर चुकीचं होतं. तिने h4 काढताना hf मिळवायचा राहून गेला होता, नुसता १९८८.२ लिहिला होता. त्यामुळे टर्बाइनचं कार्य १४३४.९ आलं, निव्वळ कार्य १४२८.८ आणि कार्यक्षमता ४४.३ टक्के. कंडेन्सरची उष्णता १७९६.४ आली. ३२२५.२ मधून ती वजा केली तर तेच १४२८.८! तिला वाटलं गणित सुटलं.

सूत्रं शेजारी मांडली की कारण दिसतं. दोन्ही बाजूंना तेच चार h आहेत, फक्त कंस वेगळे. h4 च्या जागी कोणताही आकडा लिहिला तरी दोन्ही बाजू सारख्याच येणार. ही तपासणी वजाबाकीची चूक पकडते, चुकून उचललेली एन्थाल्पी पकडत नाही. तीच h2 दोन ठिकाणी वेगवेगळी वापरली गेली तर मात्र ती लगेच ओरडते. पंपाचं कार्य ६ धरलं आणि बॉयलरसाठी h2 म्हणून १२१३.८ घातली, तर उष्णतेची वजाबाकी २२१ येते आणि कार्य १२३७.

म्हणून मी दुसरी तपासणी सक्तीची करतो, आणि ती h4 वापरत नाही. कंडेन्सरमध्ये वाफ एकाच तापमानाला द्रव होते, तेव्हा तिथे सोडलेली उष्णता म्हणजे ते तापमान, केल्विनमध्ये, गुणिले एन्ट्रॉपीतला फरक:

```
qout = T1 * (s4 - s1)
     = 318.96 * (6.8826 - 0.6492)
     = 1988.2
```

एन्थाल्पीने काढलेलीही १९८८.२ च होती. आता खरी खात्री पटली, कारण दोन उत्तरं टेबलाच्या वेगवेगळ्या स्तंभांतून आली आहेत. भाचीचा १७९६.४ इथे ताबडतोब उघडा पडला. तिने स्वतःच पान उलटलं आणि hf चा रकाना शोधला.

याच एन्ट्रॉपीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. बॉयलरची उष्णता ३२२५.२ भागिले एन्ट्रॉपीतला फरक ६.२३३४ म्हणजे ५१७ केल्विन, सुमारे २४४ अंश. वाफ ५०० अंशांची असली तरी उष्णता सरासरी २४४ अंशांनाच आत शिरते आहे, कारण तिचा मोठा भाग थंड पाणी तापवण्यात आणि २७५ अंशांना उकळवण्यात जातो. ४६ आणि ५०० अंशांमधली कमाल शक्य कार्यक्षमता ५८.७ टक्के भरते, आणि आपली ३८.४ एवढी खाली का, याचं उत्तर या २४४ मध्ये आहे. मोठ्या केंद्रांत फीड पाणी आधीच तापवून बॉयलरला देतात ते ही सरासरी वर नेण्यासाठीच.

## खऱ्या टर्बाइनचा हिशेब

खऱ्या टर्बाइनमध्ये पात्यांवरचं घर्षण आणि फटींतून निसटणारी वाफ यांमुळे आदर्श कार्याचा काही हिस्साच मिळतो. आपण ८५ टक्के धरू, पंपाचे ७५ टक्के. टर्बाइनचं कार्य गुणायचं आणि पंपाचं भागायचं, कारण टर्बाइन कमी देतं आणि पंप जास्त मागतो. हा आकडा एन्थाल्पीला लावायचा नाही, एन्थाल्पीच्या फरकाला लावायचा.

```
wT   = 0.85 * 1243.1 = 1056.6
h4   = 3423.1 - 1056.6 = 2366.5
wP   = 6.05 / 0.75 = 8.1
h2   = 191.8 + 8.1 = 199.9
wnet = 1056.6 - 8.1 = 1048.5
qin  = 3423.1 - 199.9 = 3223.2
eta  = 1048.5 / 3223.2 = 0.325
```

३२.५ टक्के. नवा h4 घेऊन x पुन्हा काढा: ०.९०९. आदर्श हिशेबात तो ०.८३ होता, म्हणजे सतरा टक्के पाणी, आणि एवढे थेंब शेवटच्या पात्यांच्या कडा खाऊन टाकतील. साधारण बारा टक्क्यांपुढे ओलावा जाऊ देत नाहीत. घर्षणाने जे कार्य बुडालं ते उष्णता होऊन वाफेतच राहिलं, म्हणून खरी वाफ जास्त कोरडी आहे. एक्झॉस्टचा ओलावा तपासताना आदर्श x वापरू नका.

आता २५ मेगावॉटसाठी वाफ किती? २५००० भागिले १०४८.५ म्हणजे सेकंदाला २३.८४ किलो, तासाला सुमारे ८६ टन. कंडेन्सरने काढायची उष्णता २३.८४ गुणिले २१७४.७, म्हणजे जवळपास ५२ मेगावॉट. तयार होणाऱ्या विजेच्या दुपटीहून जास्त. थंड करणारं पाणी दहा अंशांनी तापू द्यायचं ठरवलं तर सेकंदाला सुमारे १२४० किलो पाणी कंडेन्सरच्या नळ्यांतून फिरवावं लागतं. ८६ टन वाफेसाठी तासाला साडेचार हजार टनांच्या आसपास. वीजघर नदीकाठी का बांधतात, हे मला या एका आकड्याने जितकं पटलं तितकं कोणत्याही धड्याने पटलं नाही.

हे ३२.५ टक्के चक्राचे आहेत, कोळशापासून विजेपर्यंतचे नाहीत. बॉयलर ८६ टक्के आणि जनरेटर ९८ टक्के धरला तर गुणाकार २७.४ टक्क्यांवर येतो. दोन संचांची तुलना करताना समोरचा आकडा यातला कोणता आहे, हे आधी विचारा.

## व्हॅक्यूम पडला की किती वीज जाते

वरचं सगळं गणित एकदा हाताने केलं की वीजघरात रोज पडणारा एक प्रश्न स्वतः सोडवता येतो. समजा, तोच गेज ६३५ वरून ५९७ किंवा ५९८ वर आला. कंडेन्सरचा दाब १५ किलोपास्कल झाला. बाकी काही बदललं नाही. १५ किलोपास्कलची ओळ काढा: hf २२५.९, hfg २३७२.३, sf ०.७५४९, sfg ७.२५२२. x येतो ०.८४४९ आणि आदर्श h4 २२३०.४. पुढे ८५ आणि ७५ टक्के लावले की निव्वळ कार्य १००५.७ आणि कार्यक्षमता ३१.५ टक्के.

कार्यक्षमता एका टक्क्याने पडली. ऐकायला थोडी वाटते, म्हणून मी ती नेहमी किलोवॉटमध्ये सांगतो. दर किलोमागे ४२.८ किलोज्यूल कमी, गुणिले २३.८४ किलो, म्हणजे १०२० किलोवॉट. तेवढीच वाफ वापरून एक मेगावॉट कमी. बॉयलरच्या बाजूला तोच फटका बसायला तापमान पुष्कळ खाली यावं लागतं, आणि तिथे लगेच सगळ्यांचं लक्ष जातं. व्हॅक्यूम मात्र हळूहळू, आठवड्याला दोन-चार मिलिमीटरने सरकतो.

कारण शोधायला तीन तापमानं पुरतात. नीट चाललेल्या आपल्या संचात थंड पाणी ३० अंशांना आत येतं, ४० ला बाहेर जातं आणि एक्झॉस्ट ४६ आहे. आता एक्झॉस्ट ५४ झालं. पाणी आत येतानाच ३८ असेल, तर दोष कूलिंग टॉवरचा किंवा हवेचा. टॉवर हवेच्या ओल्या बल्बच्या तापमानामागे जातो, म्हणून नाशिकच्या कोरड्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षा पावसाआधीचे दमट दिवस त्याला जास्त जड जाऊ शकतात. पाणी ३० ला येऊन ४० लाच बाहेर जात असेल आणि तरी एक्झॉस्ट ५४ असेल, तर बाहेर जाणारं पाणी आणि एक्झॉस्ट यांतलं अंतर सहावरून चौदावर गेलं आहे. म्हणजे नळ्यांत क्षार साचला आहे किंवा कंडेन्सरमध्ये हवा शिरते आहे. पाणी ३० ला येऊन ४८ ला जात असेल, तर पाण्याचा प्रवाहच घटला आहे, पंप आणि व्हॉल्व्ह पाहा.

क्षार की हवा, हे ओळखायला हॉटवेलमध्ये बोट घालता आलं असतं तर बरं झालं असतं. तिथलं पाणी एक्झॉस्टपेक्षा स्पष्टपणे थंड असेल, चार-पाच अंशांनी, तर हवेचा संशय घ्या. तशा वेळी h1 म्हणून संपृक्त पाण्याचा आकडा लिहू नका. हॉटवेलच्या खऱ्या तापमानाला ४.१८ ने गुणा. ५० अंशांचं पाणी असेल तर २०९, टेबलातला २२५.९ नाही. ती सतरा किलोज्यूलची कमतरता बॉयलरला प्रत्येक किलोमागे पुन्हा भरून द्यावी लागते.

भाचीने त्या रविवारी १५ किलोपास्कलचा हिशेब स्वतः केला आणि T गुणिले एन्ट्रॉपीची तपासणीही लावली. तिला १९९९ आणि एन्थाल्पीने २००४ आलं. पाचाचा फरक तिला सलत होता. तिने १५ किलोपास्कलचं तापमान अंदाजाने ५३ घेतलं होतं. टेबलातलं ५३.९७ घेतल्यावर तिचे दोन्ही आकडे जुळले.